कपाटातले नऊ महिने

पुण्यात लोकरीचा स्वेटर अंगावर असतो तो फार तर अडीच महिने. दिवाळीनंतर कधीतरी तो माळ्यावरून खाली येतो, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पर्वती चढणाऱ्यांच्या आणि दुधाची पिशवी आणायला निघालेल्यांच्या अंगावर दिसतो, आणि शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून गेली की पुन्हा कपाटात जातो. उरलेले नऊ महिने तो घडीत पडून असतो, आणि त्या नऊ महिन्यांत एक तापलेला उन्हाळा व चार महिन्यांचा ओला पावसाळा येऊन जातो. आमच्या घरातले जे तीन-चार चांगले स्वेटर वाया गेले, त्यांतला एकही घालून झिजलेला नव्हता. एक धुताना तासाभरात गेला, एक वाळताना बिघडला, आणि एक कपाटात कोणाला कळूही न देता पोखरला गेला.

धुताना गेला तो माझ्या हातून गेला. आईने 1984च्या हिवाळ्यात वडिलांसाठी विणलेला तो मरून रंगाचा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर होता; खाली आणि मनगटांना एक सुलट-एक उलट टाक्यांची पट्टी, आणि छातीवर दोन वेण्या. वडील गेल्यानंतर तो माझ्याकडे आला. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत घाईच्या सकाळी मी तो यंत्रात टाकला, बरोबर दोन जीनच्या पँट होत्या, आणि पाण्याचे तापमान नेहमीच्या कपड्यांचे, म्हणजे 40 अंशांवर होते. तासाभराने जे बाहेर आले ते आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या मापाचे होते. 66 सेंटिमीटर उंची 51 झाली होती, कापड दुप्पट जाड आणि ताठ झाले होते, आणि वेण्यांचे टाके वेगळे दिसेनासे झाले होते. आईने तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि एवढेच विचारले, “धुतलास, का उकडलास?”

खरे म्हणजे निव्वळ उकडला असता तर कदाचित इतका बिघडला नसता. लोकर कशी आटते हे नंतर समजून घेतले, तेव्हा माझ्या लक्षात आले की आपण सगळे जण गरम पाण्याला जितका दोष देतो तितका तो एकट्या गरम पाण्याचा नसतो. स्वतःच्या डोक्याचा एक लांब केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटे सरकवावीत, म्हणजे तो गुळगुळीत लागतो. टोकाकडून मुळाकडे सरकवली, तर किंचित खरखरीत लागतो. केसाच्या अंगावर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्या सगळ्यांची तोंडे टोकाच्या दिशेला असतात, म्हणून हा फरक जाणवतो. लोकर म्हणजे मेंढीचा केसच. तिच्यावरचे खवले मात्र आपल्या केसापेक्षा अधिक उठावदार असतात. पावसाळा संपताना रानातून चालले की साडीच्या काठात गवताचे कुसळ शिरते, आणि चालताना जितकी हालचाल होते तितके ते एकाच दिशेने आत आत सरकत जाते. मागे म्हणून येत नाही. घुसळल्या जाणाऱ्या पाण्यात लोकरीच्या प्रत्येक तंतूचे नेमके हेच होते. तो आपल्या मुळाच्या दिशेने पुढे सरकतो, शेजारच्या तंतूंत गुंततो, खवले खवल्यांत अडकतात आणि परतीची वाट बंद होते. हजारो तंतू असे एकमेकांत ओढले गेले की कापड आटते, जाड होते आणि त्याचा नमदा बनतो. काश्मिरी नमदा मुद्दाम असाच तयार करतात: लोकर पसरायची, साबणाचे पाणी शिंपडायचे आणि गुंडाळून दाबत, लोळवत राहायचे.

म्हणजे पाणी, उष्णता आणि घर्षण या तिघांपैकी घर्षण हा खरा गुन्हेगार आहे. पाण्याने तंतू फुगून मऊ होतो, उष्णतेने तो अधिक लवचीक होतो, आणि दोघे मिळून घर्षणाचे काम सोपे करतात. चौथा साथीदार म्हणजे कपडे धुण्याची नेहमीची पावडर किंवा वडी. ती क्षारयुक्त असते, आणि क्षाराने लोकर फुगते व कमकुवत होते. शिवाय आजकालच्या पुष्कळ पावडरींत रक्ताचे, अंड्याचे, दुधाचे डाग काढण्यासाठी प्रथिने पचवणारी विकरे घातलेली असतात. लोकर स्वतःच प्रथिन आहे, त्यामुळे ती विकरे डागाबरोबर स्वेटरही थोडा थोडा खातात. क्लोरीन असलेल्या ब्लीचचे तर नावच काढू नये, कारण त्यात लोकर अक्षरशः विरघळते.

यापुढे जे लिहिते आहे ते खऱ्या लोकरीबद्दल आहे, आणि आपल्याकडे ‘लोकर’ या नावाने विकले जाणारे पुष्कळ सूत ॲक्रिलिकचे असते. तुळशीबागेतून आणलेल्या लडीबद्दल शंका आली की मी तिचे बोटभर सूत चिमट्यात धरून काडीने पेटवते. लोकर नाखुशीने जळते, केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर नेली की विझते आणि मागे उरलेली काळी राख बोटांनी चुरता येते. ॲक्रिलिक भराभर पेटते, वितळते आणि शेवटी टोकाला एक टणक काळा मणी उरतो. ॲक्रिलिकचा स्वेटर आटत नाही आणि त्याला कसरही लागत नाही. त्याला भीती असते ती गरम इस्त्रीची आणि वाफेची, कारण त्यांनी तो एकदा लुळा पडला की सावरत नाही. दोन्हींचे मिश्रण असेल, तर त्याला लोकर समजूनच वागवलेले बरे.

आता धुण्याकडे येते. माझ्याकडे आईनेच विणलेला एक शेवाळी स्वेटर आहे, कोरडा असताना 480 ग्रॅम वजनाचा, आणि मरून स्वेटरच्या प्रकरणानंतर तो मी दर फेब्रुवारीत एकदाच धुते. वर्षातून एकदा ऐकून काही जणांच्या भुवया उंचावतात. पण लोकर घामाची वाफ शोषते आणि हवेवर ठेवली की ती सोडूनही देते, आणि आतमध्ये सुती शर्ट असेल तर स्वेटरला फारसा घाम लागतही नाही. घातल्यानंतर रात्री तो खुर्चीच्या पाठीवर सैल पसरून ठेवावा आणि मऊ ब्रशने वरची धूळ झटकावी, एवढ्यावर हिवाळा निघतो. धुणे जितके कमी, तितका तंतूंना एकमेकांत सरकण्याचा मोका कमी.

धुण्याच्या आधी मी एक काम करते, जे आईच्या मते निव्वळ फाजीलपणा आहे. स्वेटर खाकी कागदावर सपाट पसरायचा, ताणायचा नाही, आणि पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढून घ्यायची. खांद्याची रुंदी, बाहीची लांबी आणि छातीचे माप त्याच कागदावर लिहायचे. ओल्या स्वेटरला आपले मूळ माप आठवत नाही. ते कागदाला आठवते.

रिठे आदल्या रात्री भिजत घालते. बिया काढलेली दहा-बारा रिठ्यांची टरफले एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी दहा मिनिटे उकळायची, निववायची आणि फडक्यातून गाळायची. रिठ्याचे पाणी सौम्य असते, पावडरीसारखे क्षारयुक्त नसते, आणि बोअरच्या जड पाण्यातही त्याची साबणासारखी राखाडी साय धरत नाही. आमच्या सोसायटीत उन्हाळ्याच्या तोंडावर नळाला बोअरचे पाणी मिसळू लागतात, तेव्हा हा गुण फार उपयोगी पडतो. एक मर्यादा मात्र सांगायला हवी: रिठ्याचे पाणी तपकिरी असते, आणि पांढऱ्या किंवा मोतिया लोकरीवर त्याची झाक चढू शकते. अशा स्वेटरसाठी लोकरीकरिता मिळणारा द्रव साबण घ्यावा, तोही बाटलीवर सांगितलेल्या मापापेक्षा थोडा कमीच.

बादली अरुंद पडते, त्यात स्वेटर कोंबावा लागतो. म्हणून मी पसरट टब घेते. त्यात साधारण दहा लिटर पाणी, हाताला गरमही लागू नये आणि गारही लागू नये इतके कोमट, म्हणजे 30 अंशांच्या आत. रिठ्याचे पाणी आधी त्यात पूर्ण मिसळायचे आणि मग स्वेटर उलटा करून सावकाश बुडवायचा. लोकर लगेच भिजत नाही, ती पाण्यावर तरंगत राहते; वरून तळव्याने हलके दाबत राहिले की बुडबुडे सोडत ती खाली बसते. नंतर दहा ते पंधरा मिनिटे काहीही करायचे नाही. हे सगळ्यांत कठीण आहे. आपल्या हातांना कपडा दिसला की चोळायची, घुसळायची, आपटायची सवय असते, आणि इथे त्यांतले एकही करायचे नसते. कॉलर आणि काखेपाशी मळ असेल, तर तेथेही बोटांनी घासायचे नाही, फक्त स्पंजसारखे दाबायचे आणि सोडायचे.

पाणी बदलताना स्वेटर गळ्याला धरून वर उचलायचा नाही. टब तिरका करून पाणी ओतून द्यायचे, स्वेटर टबाच्या कडेला दाबून निथळवायचा आणि तेवढ्याच कोमट पाण्यात पुन्हा बुडवायचा. फेस संपेपर्यंत दोन किंवा तीन पाणी लागतात. शेवटच्या पाण्यात मी दोन चमचे पांढरे व्हिनेगर घालते, कारण किंचित आंबट पाण्यात लोकर सर्वांत स्थिर असते आणि साबणाचा राहिलेला क्षारही त्याने मारला जातो. धुताना नळाची धार सरळ स्वेटरवर सोडू नये. तिचा माराही घर्षणच असतो.

पिळणे तर अजिबातच नाही. दोन्ही तळवे स्वेटरखाली घालून, बाळाला न्हाणीतून उचलावे तसा तो उचलायचा, जाड टॉवेलवर पसरायचा, टॉवेलसकट त्याची वळकटी करायची आणि त्या वळकटीवर गुडघ्याने वजन द्यायचे. एकदा कुतूहल म्हणून मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून पाहिले. हाताने दाबून निथळल्यावर 480 ग्रॅमचा स्वेटर 1,250 ग्रॅम भरला, आणि दोन कोरडे टॉवेल वापरून झाल्यावर 800 वर आला. मधले साडेचारशे ग्रॅम पाणी टॉवेलांनी घेतले होते. यंत्राचा फक्त गरगर फिरवून पाणी काढणारा भाग, स्वेटर जाळीच्या पिशवीत बंद करून, अर्धा-एक मिनिट वापरला तरी चालतो, कारण त्यात कपडा कडेला दाबून बसतो, कशावर घासत नाही.

हे वजनाचे आकडे सांगण्याचे कारण खांदे आहेत. दुसरा स्वेटर बिघडला तो इथे. माझ्या जाऊबाईंनी स्वतः विणलेला निळा स्वेटर उत्तम धुतला आणि गॅलरीतल्या दोरीवर, खांद्यांवर चिमटे लावून, वाळत घातला. त्यात किलोभर तरी पाणी असणार. संध्याकाळी बाह्या गुडघ्यांपर्यंत आल्या होत्या आणि खांद्यांवर चिमट्यांची दोन-दोन शिंगे उभी राहिली होती. ओल्या लोकरीची ताकद कोरडीपेक्षा कमी असते आणि ती ताणली जाते अधिक. त्यातून विणकाम म्हणजे नुसती फासांची साखळी, ओढ लागेल त्या दिशेला फास उघडत जातात. तंतूच्या आत प्रथिनांच्या साखळ्यांना धरून ठेवणारे काही दुवे पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. ज्या आकारात लोकर वाळली, तो आकार ती धरून बसते. केस ओले करून कुरळे गुंडाळले की वाळल्यावर थोडा वेळ कुरळे राहतात, त्यामागचा प्रकारही हाच.

पण म्हणूनच हे नुकसान परत फिरवता येते, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. ताणलेला स्वेटर परत येतो. नमदा झालेला येत नाही. जाऊबाई तो निळा स्वेटर टाकून द्यायला निघाल्या होत्या. आम्ही तो पुन्हा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवला, टॉवेलात दाबला, सपाट पसरला आणि तळव्यांनी बाह्या आखूड व खांदे अरुंद होतील असे सगळीकडून आत सरकवले. वाळल्यावर बाही बोटभर लांब राहिली, शिंगे मात्र पूर्ण गेली. नुसत्या हँगरने उठलेले उंचवटे असतील, तर सगळा स्वेटर भिजवण्याचीही गरज नसते. तेवढाच भाग पाण्याच्या फवाऱ्याने दमट करून हाताने बसवायचा आणि सपाट वाळू द्यायचा.

आटलेल्या स्वेटरपैकी कोणता वाचेल हेही असेच ओळखता येते. नवा स्वेटर पहिल्या धुण्यात थोडा लहान होतो, तो विणताना आलेला ताण सुटल्यामुळे. तेथे टाके सुटे व स्पष्ट दिसतात, कापड पूर्वीइतकेच पातळ असते, आणि ओला असताना हळूहळू ओढून तो कागदावरच्या मापाला आणता येतो. टाके एकमेकांत मिसळून गेले असतील, कापड जाड व ताठ झाले असेल, तर केसांचे कंडिशनर लावून ओढण्याचे जे उपाय सांगितले जातात त्यांनी थोडे सैलावेल इतकेच. माप परत येत नाही. मरून स्वेटरवर मी तो प्रयोग दोनदा केला आणि 51चे 53 सेंटिमीटर झाले.

वाळवण्यासाठी मी जुन्या नवारीच्या खाटेवर चादर अंथरते, तिच्यावर तो खाकी कागद आधी ठेवून मापे डोळ्यांखाली घालते, मग कागद काढून त्या जागी स्वेटर पसरते आणि पट्टीने मोजत बसवते. खाट गॅलरीत सावलीला, कारण कडक उन्हाने लोकर पिवळी पडते आणि रंगही विटतो. खालून हवा खेळते, त्यामुळे फेब्रुवारीतल्या पुण्याच्या कोरड्या हवेत जाड स्वेटरही दीड दिवसात वाळतो. दुसऱ्या सकाळी तो एकदा उलटवायचा. काखा आणि खालची पट्टी सर्वांत शेवटी वाळतात. हाताला गार लागत असतील, तर ओल आहे असे समजावे.

तिसऱ्या स्वेटरची गोष्ट कपाटातली आहे. यजमानांचा राखाडी, बिनबाह्यांचा स्वेटर, तिबेटी विक्रेत्यांच्या हिवाळी दुकानातून घेतलेला, एका वर्षी न धुताच ठेवला गेला. “दोनदाच तर घातलाय,” हे त्याचे कारण. नोव्हेंबरात काढला तेव्हा गळ्याजवळ आणि पोटावर, जेथे बहुधा कधीतरी आमटी सांडली होती, तेथे सहा भोके होती. खिळ्याला अडकून फाटले, तर ओढलेले, लोंबणारे धागे दिसतात. इथे भोकांच्या कडा कातरल्यासारख्या होत्या, आजूबाजूला वरची लव चरून नेल्यासारखी पातळ झाली होती, आणि घडीच्या आत रेशमासारख्या धाग्यांची एक बारीक नळी चिकटली होती. तिच्याभोवती रव्यासारखे राखाडी कण होते. ते कण म्हणजे अळीची विष्ठा, आणि तिचा रंग स्वेटरच्या रंगाचा असतो, कारण अळी लोकर पचवते, पण तिच्यातला रंग तसाच बाहेर टाकते. लाल स्वेटर खाल्ला असता तर कण लाल असते.

आपण या सगळ्याला ‘कसर लागली’ असे एकाच शब्दात म्हणतो. पण पुस्तकांत सळसळणारी चंदेरी कसर कागद आणि खळ खाते. लोकर खाणारी ही अळी एका छोट्या, फिकट सोनेरी पतंगाची असते. पतंग स्वतः काहीच खात नाही, त्याला चालते तोंडच नसते. खाते ती अळी. तो दिव्यावरही येत नाही. कपाट उघडल्यावर जो इवलासा पतंग उजेडाकडे न येता घडीत पळतो, त्याच्याकडे संशयाने पाहावे. त्याशिवाय आपल्या घरांच्या भिंतींवर एक चपटी, राखाडी, भोपळ्याच्या बीसारखी पिशवी चिकटलेली दिसते, आणि नीट पाहिले तर ती सरकताना दिसते. त्या पिशवीत राहणारी अळी कोळ्याची जळमटे, गळलेले केस आणि धुळीतली लव खाते, आणि सापडली तर लोकरही. कपाटाच्या मागची जळमटे काढणे हे म्हणून स्वेटर सांभाळण्याच्या कामातच मोडते.

अळीला नुसत्या स्वच्छ लोकरीवर नीट वाढता येत नाही. तिला लागणारी जीवनसत्त्वे आणि क्षार लोकरीत पुरेसे नसतात; ते तिला घामातून, तेलातून, सांडलेल्या अन्नातून मिळतात. म्हणून भोके गळ्याशी, काखेत आणि पोटावर पडतात. आणि म्हणूनच फेब्रुवारीतले धुणे हे मला स्वच्छतेचे कमी आणि साठवणीचे काम अधिक वाटते. धुण्याने आधीच घातलेली अंडी आणि लहान अळ्याही बऱ्याच निघून जातात, पण सगळ्या जातील याचा भरवसा नाही.

म्हणून संशय आलेला स्वेटर मी फ्रीझरमध्ये ठेवते. आधी पूर्ण कोरडा करायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढायची, तोंड घट्ट बंद करायचे आणि उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे विसरून जायचे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही; दिवसभर तशीच खोलीत ठेवायची, म्हणजे दव पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरते, लोकरीवर नाही. पहिल्यांदा मी हे केले तेव्हा मटारच्या पिशवीमागे स्वेटर पाहून यजमानांनी विचारले होते, “याला काय रात्री थंडी वाजते म्हणून आत ठेवलाय?”

डांबरगोळ्या आमच्या घरी आता नसतात, पण त्या कशा वापरतात हे चुकीचेच सांगितले जाते, म्हणून लिहिते. गोळीच्या वाफेने काम होते, वासाने नव्हे. उघड्या किंवा फटी असलेल्या कपाटात टाकलेल्या चार गोळ्या फक्त आपल्या नाकाला जाणवतात. डबा घट्ट बंद हवा, आणि वाफ हवेपेक्षा जड असल्याने गोळ्या कापडात बांधून सर्वांत वर ठेवायला हव्यात. त्या कपड्याला लागू नयेत, प्लॅस्टिकच्या गुंड्यांना तर नाहीच, कारण गुंड्या मऊ पडून चिकटतात. तान्ह्या बाळाच्या घरात त्या ठेवूच नयेत. नॅप्थलीनने काही बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, आणि डांबराचा वास येणाऱ्या दुपट्यात बाळ गुंडाळणे हे त्यासाठी पुरेसे ठरू शकते. कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्याबद्दल मला माया आहे, आईच्या ट्रंकेत तो असायचाच. पण मळक्या स्वेटरला त्याने वाचवलेले मी पाहिलेले नाही.

घडीविषयी थोडेच सांगते. स्वेटर पालथा ठेवून बाह्या पाठीवर आडव्या दुमडायच्या आणि मग आडव्या दोन घड्या घालायच्या, म्हणजे खांद्यावर वजन पडत नाही. जड स्वेटर खाली, हलके वर. हिवाळ्यात चार दिवस टांगायचाच असेल, तर उभा दुमडून काखेचा कोन हँगरच्या आकड्यापाशी आणावा आणि अंग व बाह्या दोन्ही बाजूंनी दांड्यावरून सोडाव्यात. म्हणजे खांद्यांना हँगर लागतच नाही.

खरा पुणेरी प्रश्न पावसाळ्याचा आहे. लोकर हवेतला दमटपणा आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत पिऊन टाकते आणि तरी हाताला ओली लागत नाही. जुलैत पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाला ओल येते, स्वेटर ती पितो, आणि मग बुरशीचा तो वास, जो पुढे दोनदा धुऊनही जात नाही. म्हणून हवा कोरडी असताना, फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी मी पिशव्या बंद करते. धुतलेला स्वेटर आणखी दोन दिवस सावलीत हवेवर ठेवायचा, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळायचा, आणि पट्टीने बंद होणाऱ्या जाड पिशवीत घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचा. त्या पिशवीत मार्चची कोरडी हवा बंद होते, आणि ती ऑक्टोबरपर्यंत टिकवायची तर एक पथ्य पाळावे लागते: पावसाळ्यात ‘जरा बघू या’ म्हणून ती उघडायची नाही. सुती कापड अळी सहसा खात नाही, पण घड्यांच्या फटींतून ती आत शिरू शकते, त्यामुळे नुसत्या साडीवर भागत नाही; आणि नुसते प्लॅस्टिक ओल्या लोकरीवर लावले, तर बुरशीला आपणच घर बांधून देतो.

ट्रंक मी ऑक्टोबरच्या उन्हात उघडते, थंडीची वाट न पाहता. पिशवीचे तोंड उघडून आधी वास घ्यायचा, मग स्वेटर पांढऱ्या चादरीवर झटकायचा आणि चादरीवर रवा पडतो का ते पाहायचे. शिवणी आणि कॉलरची घडी उलटून पाहायची, तासभर उन्हात ठेवायचे आणि ब्रश फिरवायचा. अळ्यांना उजेड सोसत नाही, लपलेली असेल तर हालचाल करते. गेल्या ऑक्टोबरात शेवाळी स्वेटर असा पसरला होता, शेजारी खाकी कागद होता, आणि आई खुर्चीवर बसून पाहत होती. मी खांद्यावर पट्टी लावली: कागदावर 43, स्वेटरवर 43. बाही अर्धा सेंटिमीटर लांब भरली.

“ती आधीपासूनच लांब आहे,” आई म्हणाली. “विणतानाच चार ओळी जास्त झाल्या होत्या.”

मरून स्वेटर मात्र मी टाकला नाही. नमदा झालेले कापड कातरले तरी उसवत नाही, म्हणून त्याच्या पाठीची दोन आसने निघाली, आणि बाहीतून एक गोल तुकडा कापून मी राखाडी स्वेटरच्या पोटावरच्या सर्वांत मोठ्या भोकाला आतून लावला आहे.